लांबच्या गल्लीने गेलं की कुत्र्याची भीती का टिकते?

सांगलीत विश्रामबागला राहणारी एक कॉलेजची मुलगी आहे असं समजा. लहानपणी कुत्रं अंगावर आलं होतं, तेव्हापासून कोपऱ्यावर कुत्रं दिसलं की ही लांबच्या गल्लीने जाते. वळली रे वळली की छातीतली धडधड कमी होते, हायसं वाटतं, आणि गंमत म्हणजे सगळा घोटाळा त्या हायसं वाटण्यातच आहे. मेंदू त्याचा हिशोब असा लावतो की वळलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी वळायची ओढ अजून जास्त. ते कुत्रं खरंच काही करणार होतं का, हे तपासायची संधीच मिळत नाही, मग भीती खोटी ठरणार कशी?

यावरचा उपाय जुना आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या पोरावर केलेलं काम छापलं. तो आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा लांब ठेवायचा आणि दर वेळी थोडा थोडा जवळ आणायचा, असं करत शेवटी तो सशाला हात लावायला लागला.

आपल्या या मुलीने काय करायचं? शून्य ते शंभरमध्ये भीतीला मार्क द्यायचे. कुत्र्याचा व्हिडिओ २०, गेटच्या आत बांधलेलं कुत्रं रस्त्यापलीकडून बघणं ४०, ओळखीच्यांच्या लस दिलेल्या शांत कुत्र्यापासून दहा फुटांवर बसणं ६०, त्याला हात लावणं ८०. सुरुवात खालून. प्रत्येक वेळी आधी लिहायचं, मला काय होईल असं वाटतंय ("ते साखळी तोडून येणार"), मग तिथेच थांबायचं. धडधड वाढेल, पण पळालं नाही तर बहुतेकदा थोड्या वेळाने ती आपोआप उतरते, आणि एखाद्या दिवशी नाही उतरली तरी चालतं कारण लिहिलेलं खरं झालं नाही हे कळणं जास्त महत्त्वाचं. भीती टोकाला असताना निघून गेलं तर मात्र परत तेच, पळालो म्हणून वाचलो.

बऱ्याच जणांचं अडतं ते छुप्या पळवाटांवर. पायरी तर केली, पण हातात छत्री घट्ट, डोळे मोबाईलमध्ये, दादाचा हात धरलेला. मग श्रेय छत्रीला जातं. म्हणून या गोष्टीही एकेक करून सोडायच्या.

आणि हो, मोकाट कुत्र्याला हात लावायची पायरी यात नाही, रेबीज खराच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या बाजूने सरळ चालत जाता आलं की झालं.

जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी आठवण बसते, आणि ती नवी आठवण जागेला जरा चिकटून असते. त्यामुळे विश्रामबागेत जमलं तरी मिरजेत रात्री स्टेशनजवळ दचकायला होऊ शकतं. तेव्हा सराव वेगवेगळ्या कुत्र्यांसोबत, वेगवेगळ्या रस्त्यांवर, दिवसा आणि दिवे लागल्यावरही करायचा. आणि भीतीमुळे कॉलेजच बंद पडलं असेल, तर पायऱ्या एकट्याने न आखता मानसोपचारतज्ज्ञाकडून आखून घ्या.