पत्राचे निमित्त आणि पत्राचे कारण

एखाद्या हॉटेलाचा विस्तार होणार, एखाद्या कंपनीत नवे भांडवल आले किंवा नवा प्रमुख रुजू झाला, अशी बातमी वाचली की सेवा विकणाऱ्याला लगेच पत्र लिहावेसे वाटते आणि तसे वाटणे गैर नाही. मात्र त्या बातमीचा पत्रात दोन प्रकारे उपयोग होतो आणि दोन्ही प्रकार वरवर सारखेच दिसत असल्यामुळे त्यांची गल्लत होते. पहिल्या प्रकारात बातमी हे केवळ निमित्त असते, म्हणजे पत्राची सुरुवात करण्यासाठी सापडलेले एक वाक्य. दुसऱ्या प्रकारात ती खरोखर कारण असते, कारण त्या घटनेमुळे समोरच्याच्या कामात असा काही बदल होणार असतो की आपल्या सेवेचा प्रश्न त्याच्यापुढे काल नव्हता आणि उद्या उभा राहणार आहे.

मी म्हापशातील एका व्यावसायिक लाँड्रीचा पत्रव्यवहार पाहतो, म्हणून उदाहरणही तिथलेच घेतो. समजा, उत्तर गोव्यातील चाळीस खोल्यांचे एक हॉटेल आणखी २६ खोल्या बांधत आहे. या बातमीवर लिहिलेली दोन पत्रे अशी असू शकतात. (प्रत्यक्षात ही पत्रे इंग्रजीतच जातात, इथे त्यांचा आशय मराठीत दिला आहे.)

पहिले पत्र: ‘आपल्या नव्या विस्ताराबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. आमची लाँड्री अनेक वर्षे हॉटेलांना दर्जेदार सेवा देत आहे. आपली भेट घ्यायला आवडेल.’

दुसरे पत्र: ‘आपल्या खोल्या ४० वरून ६६ होणार असल्याचे वाचले. हंगामात हॉटेल भरलेले असताना आपली सध्याची लाँड्री एका पाळीत हे काम उरकू शकेल का, असा प्रश्न पडला. नव्या इमारतीत आणखी यंत्रे बसवायची की वाढलेले कपडे बाहेर द्यायचे, हे अजून ठरले नसेल तर दोन्ही पर्यायांच्या खर्चाचा एक पानी हिशेब पाठवतो.’

पहिल्या पत्रातून अभिनंदनाचे वाक्य काढून टाकले तरी उरलेल्या मजकुराला धक्का लागत नाही. तोच मजकूर काल, परवा किंवा गेल्या वर्षी कोणत्याही हॉटेलाला पाठवता आला असता. दुसऱ्या पत्रातून बातमी काढली तर पुढचे एकही वाक्य उभे राहत नाही. निमित्त आणि कारण यांतला भेद ओळखण्याची मला ठाऊक असलेली सर्वांत खात्रीची कसोटी हीच आहे, आणि ती पाठवण्यापूर्वी एका मिनिटात लावता येते.

दुसऱ्या पत्रातील प्रश्न हवेतून आलेला नाही. चादरी, ब्लँकेटची आवरणे, उशांचे अभ्रे आणि टॉवेल मिळून एका भरलेल्या खोलीमागे दिवसाला सुमारे चार किलो कपडे धरले, तर ४० खोल्यांचे १६० किलो होतात आणि ६६ खोल्यांचे २६४. तीस किलोच्या वॉशरमध्ये नीट धुवायचे असेल तर प्रत्यक्षात पंचवीसएक किलोच टाकतात. त्यामुळे आज सात घाणे लागतात आणि पुढे अकरा लागतील. एका घाण्याला तास धरला तर सात घाणे आठ तासांच्या पाळीत बसतात, अकरा बसत नाहीत. पावसाळ्यात ड्रायरवरचा ताण वाढतो, कारण आडव्या पावसात बाहेर वाळवण्याची सोयच उरत नाही. हॉटेलात वॉशर किती किलोचा आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून पत्रात हे आकडे ठामपणे मांडायचे नाहीत. पण आपण स्वतः हा हिशेब केलेला असला की पत्रातील प्रश्न नेमका होतो. घटना आणि आपला प्रस्ताव यांच्यामध्ये ‘म्हणून’ घालून मधली पायरी सांगता आली नाही, तर कारण अजून सापडलेले नाही, असे समजावे.

या मधल्या पायरीकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मी मोजलेली आहे. एका हॉटेलाच्या ‘विस्ता­रा’ची बातमी वाचून मी वाढत्या कपड्यांबद्दल सविस्तर लिहिले. उत्तर सौम्य होते: त्यांनी वीस साध्या खोल्यांच्या चौदा मोठ्या स्वीट केल्या होत्या. क्षेत्रफळ वाढले होते, खोल्या कमी झाल्या होत्या. बातमीत खोल्यांचा आकडाच नव्हता आणि तो विचारण्याची तसदी मी घेतली नव्हती.

कारण खरे असले तरी त्याला मुदत असते, आणि निमित्त व कारण यांतला मोठा फरक इथेच दिसतो. अभिनंदन बातमी ताजी असतानाच शोभते, म्हणून पत्र पाठवण्याची घाई होते. कारणाच्या बाबतीत बातमीची तारीख महत्त्वाची नसते. निर्णय कोणत्या टप्प्यावर आहे ते महत्त्वाचे असते. लाँड्रीची खोली, पाण्याची जोडणी आणि सांडपाण्याचा भार हे नकाशातच ठरतात. बांधकामापूर्वी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे उभारणीची संमती मागण्याच्या सुमारास लिहिलेले पत्र मालकाच्या किंवा प्रकल्प पाहणाऱ्याच्या उपयोगाचे असते. यंत्रांची मागणी नोंदवून झाल्यावर तेच पत्र निरर्थक ठरते. त्यानंतर हाउसकीपिंगसाठी नोकरभरतीच्या जाहिराती दिसू लागल्या की उद्घाटन जवळ आले असे समजायला हरकत नाही. तेव्हा पत्र हाउसकीपिंग प्रमुखाला जावे आणि विषयही बदलावा: पहिल्या हंगामात यंत्रे बसेपर्यंत किंवा बिघडल्यास बाहेरून मदत. गोव्यात हंगाम ऑक्टोबरपासून धरतात, त्यामुळे हे दुसरे पत्र पावसाळा संपण्याआधी पोचलेले बरे.

नव्या भांडवलाच्या बातमीवर मी जपून लिहितो. खासगी कंपनीने निवडक गुंतवणूकदारांना समभाग वाटले की १५ दिवसांत PAS-3 हे विवरण दाखल करावे लागते आणि ते होईपर्यंत ती रक्कम वापरता येत नाही. वर्तमानपत्रातील बातमी मात्र कंपनीला सोयीची वाटेल तेव्हा येते. बातमी वाचून ‘आता त्यांच्याकडे पैसा आहे’ एवढाच अर्थ काढणे म्हणजे शुद्ध निमित्त. तो पैसा कशासाठी आहे हे कंपनीने सांगितले असेल आणि त्यात आपल्या कामाचा विषय असेल, तरच लिहावे.

नेतृत्वबदलाचे प्रकरण याहून नाजूक आहे. हॉटेलात नवे जनरल मॅनेजर आले की सुरुवातीच्या काही आठवड्यांत ते चालू करार तपासतात, हे बहुधा खरे असते. पण त्यांच्या नेमणुकीमुळे खोल्या वाढत नाहीत आणि चादरीही वाढत नाहीत. बदलते ते इतकेच की जुना निर्णय पुन्हा पाहिला जाऊ शकतो. त्यामुळे पत्र लहान ठेवून चालू कराराची मुदत कधी संपते एवढेच विचारावे. आधीचे मॅनेजर का गेले, याचा पत्रात उल्लेखही नको. आपणच सध्याचे पुरवठादार असू तर मात्र हे पत्र सर्वांत निकडीचे ठरते, कारण नव्या माणसाबरोबर त्याचा जुना पुरवठादारही येण्याची शक्यता असते आणि आपले गेल्या वर्षीचे काम त्याने पाहिलेले नसते.

उत्तर आले नाही तर काय करावे, यातही दोन्ही प्रकार वेगळे वागतात. अभिनंदनाच्या पत्रानंतर ‘माझे आधीचे पत्र मिळाले का’ याखेरीज लिहायला काही उरत नाही. २६ खोल्यांच्या पत्राला मी सहसा स्मरणपत्र पाठवत नाही. स्लॅब टाकून आतली कामे सुरू झाल्याचे रस्त्यावरून दिसले, की ‘यंत्रांचा निर्णय झाला का’ असे दोन ओळींत विचारतो, आणि झाला असल्यास ती नोंद वहीत करून पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबतो.