पहिली ओळ बरोबर, दुसरीपासून घोळ

शाळेच्या कार्यालयात काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने एक्सेलमध्ये पगाराचा तक्ता बनवला होता. A स्तंभात नावं, B मध्ये मूळ वेतन, C मध्ये महागाई भत्ता. भत्त्याचा दर सगळ्यांना एकच, म्हणून तो तिने बाजूला F1 मध्ये एकदाच लिहिला: 55%. त्याच्याखाली F2 मध्ये घरभाडे भत्त्याचा दर, 30%. मग C2 मध्ये फॉर्म्युला टाकला:

```
=B2*F1
```

पहिल्या बाईंचं मूळ वेतन 40,000, त्यामुळे उत्तर आलं 22,000. अगदी बरोबर. तिने सेलच्या कोपऱ्यातला ठिपका धरून फॉर्म्युला तीस नावांपर्यंत खाली ओढला. दुसऱ्या नावासमोर मूळ वेतन 52,000 होतं आणि भत्ता आला 15,600. तिसऱ्या नावापासून पुढे सगळीकडे शून्य.

तिसऱ्या बाई... नव्हे, शीटवरची तिसरी ओळ म्हणजे यादीतलं दुसरंच नाव. हा एका ओळीचा फरक एक्सेलमध्ये नेहमी गोंधळ घालतो. तर त्या C3 मध्ये डोकावलं की कारण दिसतं. तिथे `=B3*F2` झालंय. 52,000 ला 55 ऐवजी 30 टक्क्यांनी गुणलं गेलं. C4 मध्ये `=B4*F3` आहे आणि F3 रिकामा. रिकाम्या सेलला एक्सेल गुणाकारात शून्य धरतं. F3 मध्ये चुकून एखादा शब्द लिहिलेला असता, तर `#VALUE!` असं तरी ओरडलं असतं.

शून्य कुणाच्याही डोळ्यांत भरतं. खरी भीती त्या 15,600 ची. आकडा पगारात शोभणारा आहे, कुठे लाल खूण नाही, आणि खरा भत्ता 28,600 होता.

मैत्रीण म्हणाली, "मी तर फॉर्म्युला तोच कॉपी केला, मग एक्सेलने तो बदलला का?" मला वाटतं सगळी गोम या प्रश्नात आहे. एक्सेलने काहीही बदललं नव्हतं. C2 मध्ये आपण `B2` लिहितो तेव्हा एक्सेल त्याचा अर्थ ‘माझ्या डावीकडचा पहिला सेल’ असा घेतं. `F1` म्हणजे ‘माझ्यापासून उजवीकडे तिसऱ्या स्तंभातला, एक ओळ वरचा सेल’. कॉपी होतं ते हे वाक्य. ते C3 मध्ये जाऊन बसलं, की C3 पासून उजवीकडे तिसऱ्या स्तंभात एक ओळ वर F2 लागतो. ‘आमच्या डावीकडचं घर’ हा पत्ता सांगणारा माणूस बदलला की घरही बदलतं, तसंच.

हे पडद्यावर बघताही येतं. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये फॉर्म्युलाच्या पानावर `R1C1 reference style` नावाची खूण आहे. ती लावली की स्तंभांची अक्षरं जातात आणि आपला फॉर्म्युला असा दिसतो:

```
=RC[-1]*R[-1]C[3]
```

R म्हणजे ओळ, C म्हणजे स्तंभ, चौकटी कंसातला आकडा म्हणजे इथून किती घरं. तीसच्या तीस ओळींत हा मजकूर तंतोतंत एकच दिसतो. एकदा बघावं आणि खूण काढून टाकावी. रोजच्या कामाला ही पद्धत फारच रुक्ष आहे.

मूळ वेतनासाठी ‘डावीकडचा सेल’ हेच आपल्याला हवं होतं. दरासाठी मात्र कुणीही विचारलं तरी एकच, पक्का पत्ता हवा. तो देण्यासाठी डॉलर लावायचा:

```
=B2*$F$1
```

F च्या आधीचा डॉलर स्तंभ धरून ठेवतो, 1 च्या आधीचा ओळ. हाताने टाइप करायची गरज नाही. फॉर्म्युला लिहिताना कर्सर F1 वर असताना F4 ही कळ दाबा. पहिल्यांदा `$F$1`, पुन्हा दाबल्यावर `F$1`, मग `$F1`, आणि चौथ्यांदा परत साधं `F1`. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत Fn दाबावं लागतं. ही कळ एक्सेलहून जुनी आहे. 1983 सालच्या लोटस 1-2-3 या स्प्रेडशीट प्रोग्राममध्येही हेच काम F4 करायची. त्याआधीच्या, 1979 च्या व्हिजिकॅल्कमध्ये डॉलर नव्हता. तिथे कॉपी करताना प्रत्येक संदर्भासाठी ‘तसाच ठेवू की सरकवू’ असं विचारलं जायचं. कटकट खरी, पण माझ्या मैत्रिणीची चूक तिथे झाली नसती.

फक्त खाली ओढायचं असेल तर `F$1` एवढंही पुरतं, कारण खाली जाताना स्तंभ बदलतच नाही. एकेरी डॉलरची खरी किंमत कळते ती फॉर्म्युला आडवाही न्यायचा असतो तेव्हा. समजा, दर बाजूला न ठेवता आपापल्या स्तंभाच्या डोक्यावर ठेवले: C1 मध्ये 55%, D1 मध्ये 30%, दुसऱ्या ओळीत मथळे आणि तिसरीपासून माणसं. आता C3 मध्ये असं लिहायचं:

```
=$B3*C$1
```

मूळ वेतन नेहमी B स्तंभातूनच यायला हवं, पण ओळ ज्याची त्याची. म्हणून डॉलर B च्या आधी. दर नेहमी पहिल्या ओळीतूनच, पण स्तंभ ज्याचा त्याचा. म्हणून डॉलर 1 च्या आधी. हा एक फॉर्म्युला उजवीकडे आणि खाली ओढला की दोन्ही भत्ते तयार. B चा डॉलर विसरलात, तर D3 मध्ये `=C3*D$1` होईल, म्हणजे महागाई भत्त्यावर घरभाडं निघेल: 12,000 ऐवजी 6,600. कुठे लावायचा हे आठवत नसेल, तर प्रत्येक संदर्भाला दोन प्रश्न विचारावेत. खाली गेल्यावर ओळ बदलायला हवी का? उजवीकडे गेल्यावर स्तंभ बदलायला हवा का? नको असेल त्याच्या आधी डॉलर.

याला लोक ‘सेल लॉक करणं’ म्हणतात आणि त्यातून एक गैरसमज होतो. डॉलरने सेलला कुलूप लागत नाही. F1 मधला दर कुणीही पुसू शकतं. वर एक नवी ओळ घातलीत, तर दर F2 मध्ये सरकतो आणि फॉर्म्युल्यात आपोआप `$F$2` होतं, जे योग्यच आहे. दराची ओळच डिलीट केली, तर डॉलर असूनही `#REF!` येतं. डॉलरचा संबंध फक्त कॉपीशी. कट करून दुसरीकडे पेस्ट केलं, तर डॉलर नसलेले संदर्भही बदलत नाहीत.

ओढून झाल्यावर पहिली ओळ तपासण्यात अर्थ नाही, ती बरोबरच असते. शेवटच्या सेलवर जाऊन F2 ही कळ दाबा (त्याच नावाची, पण सेलशी संबंध नाही). फॉर्म्युल्यातल्या सेलभोवती रंगीत चौकटी येतात. एक चौकट त्याच ओळीतल्या मूळ वेतनावर आणि दुसरी वर दरावर दिसली, की संदर्भ ठीक आहेत. ठिपक्यावर डबल क्लिक करून भरलं असेल, तर मध्ये एखादी अख्खी ओळ रिकामी असल्यास भरणं तिथेच थांबतं, म्हणून शेवटपर्यंत जाऊन बघायचंच.

आणखी एक पडताळा मी नेहमी तक्त्याखाली ठेवते. सगळ्यांचा दर एकच असल्याने सगळ्यांच्या महागाई भत्त्यांची बेरीज ही मूळ वेतनांच्या बेरजेच्या 55 टक्के असलीच पाहिजे. पहिल्या तक्त्यात तो असा होतो:

```
=SUM(B2:B31)*F1-SUM(C2:C31)
```

उत्तर शून्य यायला हवं. प्रत्येकाचा भत्ता पूर्ण रुपयात केला असेल, तर तीस जणांत मिळून फार तर 15 रुपये इकडेतिकडे. मैत्रिणीच्या तक्त्यात इथे लाखांचा आकडा आला असता. F1 मधला दरच जुना राहिला असेल, तर मात्र हा पडताळाही शून्यच दाखवतो. तो दर आदेशाच्या कागदावरूनच ताडून बघावा लागतो.