यूसीएस टेस्टसाठी मातीचा नमुना देताना: कोणती माती पात्र, कोणते कागद लागतात

बांधकामाची फाइल तयार करताना इंजिनीअर सॉइल रिपोर्ट मागतो आणि त्यात बहुतेक वेळा यूसीएस, म्हणजे अनकन्फाइन्ड कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ टेस्ट असते. लॅबच्या अर्जावर तिच्यासमोर टिक करणे सोपे आहे. पण आपला नमुना त्या टेस्टला पात्र आहे का, हे आधी पाहायला हवे. नाशिकच्या काळ्या मातीत हाच मुद्दा आडवा येतो.

टेस्ट आयएस २७२० भाग १० प्रमाणे होते. चिकणमातीचा दंडगोल, साधारण ३८ मिमी व्यासाचा आणि ७६ मिमी उंचीचा, बाजूंनी कसलाही आधार न देता वरून दाबतात. वेग मिनिटाला अर्धा ते दोन टक्के आकुंचन, त्यामुळे काही मिनिटांत काम संपते. एवढ्या वेळात चिकणमातीतले पाणी बाहेर पडत नाही. म्हणून तुटतानाच्या दाबाचा निम्मा आकडा हीच मातीची संलग्नता, म्हणजे कणांनी एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद, असे धरतात.

यात एक गृहीतक दडलेले आहे. बाजूचा दाब वाढवला तरी या मातीची ताकद बदलणार नाही, असे आपण मानतो. अखंड, पाण्याने पूर्ण भरलेल्या चिकणमातीत ते चालते. जमिनीतून काढल्यावर तिच्या सूक्ष्म छिद्रांतले पाणी कणांना आतून ओढून धरते आणि नमुना जणू स्वतःच स्वतःला आवळून उभा राहतो. पात्रता म्हणायची तर ती एवढीच.

वाळूमिश्रित मातीत ती ओढ टिकत नाही. गोदाकाठच्या गाळात वाळूचे थर सापडतात. असा नमुना कधी ट्यूबमधून काढतानाच ढासळतो. वाळूची ताकद घर्षणातून येते आणि घर्षणाला बाजूचा दाब लागतो, जो या टेस्टमध्ये शून्य असतो. म्हणजे जमिनीतल्यापेक्षा आकडा कमी दिसतो. उलटही घडते. मेमध्ये काढलेला अर्धवट सुका नमुना ओलाव्याच्या ओढीने ताठ उभा राहतो, छान आकडा देतो आणि पावसाळ्यात ती ताकद विरघळून जाते. दुसरी फसगत जास्त महागात पडते.

आता भेगांची गोष्ट. काळी माती दरवर्षी फुगते, आकसते; तिच्या आत तिरप्या, हाताला गुळगुळीत आणि उजेडात चकचकणाऱ्या फटी तयार होतात. उदाहरणार्थ, गंगापूर रोडच्या बाजूचा एक प्लॉट धरा. दोन मीटर खोलीवरच्या एकाच ट्यूबमधून दोन नमुने कापले. पहिला ५.३ मिमी दबल्यावर, १४६ न्यूटनला तुटला. मूळ क्षेत्रफळ ११३४ चौ. मिमी, आकुंचन ७ टक्के, म्हणून ते ०.९३ ने भागून १२१९ झाले. दाब निघाला १२० किलोपास्कल, संलग्नता ६०. दुसरा नमुना १.५ मिमी दबताच, ६८ न्यूटनला घसरला: दाब ५९, संलग्नता २९. पट्टी पायासाठी संलग्नतेला ५.१४ ने गुणून तीनने भागले, तर सुरक्षित भारक्षमता पहिल्यावरून सुमारे १०३ किलोपास्कल येते आणि दुसऱ्यावरून ५०. माती तीच, पाया दुप्पट रुंद!

दुसरा नमुना आधीच्या फटीवरून घसरला होता. बाजूचा दाब नसल्यामुळे फट उघडी राहिली. मग पहिला आकडा खरा का? तोही नाही. ३८ मिमीच्या तुकड्यात नेमकी फट आली नाही एवढेच. पायाखालच्या मोठ्या पट्ट्यात फटी असणारच. दोन्ही भारक्षमतांची सरासरी काढून ७५-८० लिहिणारे रिपोर्ट मी पाहिले आहेत. तो आकडा कुठल्याच मातीचा नाही.

ओळखायचे कसे? तुटलेला तुकडा पाहा. अखंड माती फुगून किंवा नवी खडबडीत रेघ पाडून तुटते; जुनी फट चकचकीत असते आणि दाब-आकुंचनाचा आलेख लवकर, अचानक कोसळतो. म्हणून लॅबकडे तुटलेल्या नमुन्याचा फोटो आणि पाण्याचे प्रमाण मागा.

कागद फार नाहीत. लॅबला विनंतीपत्र, साइटचा पत्ता, बोअरहोलचा नकाशा आणि बोअर लॉग, आणि प्रत्येक ट्यूबवर बोअर क्रमांक, खोली, तारीख, वरची बाजू. ट्यूबची दोन्ही टोके मेणाने बंद हवीत. पिशवीत भरून आणलेली माती या टेस्टला चालत नाही. लॅबने ती नव्याने ठासून तपासली, तर तो आकडा जागेवरच्या मातीचा नसतो. शुल्क आणि खासगी नमुने घेण्याचे नियम दर लॅबला वेगळे. दिंडोरी रोडवरच्या मेरी या सरकारी अभियांत्रिकी संशोधन संस्थेत किंवा एनएबीएल मान्यता असलेल्या खासगी लॅबमध्ये, आधी विचारूनच ट्यूब न्या.

विनंतीपत्रात एक ओळ जरूर घाला: "नमुन्यात भेगा किंवा वाळू दिसल्यास यूसीएसऐवजी आयएस २७२० भाग ११ प्रमाणे, बाजूच्या तीन वेगवेगळ्या दाबांवर ट्रायअॅक्सियल टेस्ट करावी." तिन्ही दाबांवर ताकद जवळपास सारखी आली तर यूसीएसचे गृहीतक ठीक होते. दाबाबरोबर ती वाढत गेली, तर अर्जावरची ती टिक खोडून टाका.