शाखेचा मासिक रिपोर्ट आणि 'ओव्हर मार्च'ची भानगड: थोडी पार्श्वभूमी

हल्ली बँकेच्या शाखेच्या मंथली रिपोर्टमध्ये आकड्यांच्या शेजारी एक कॉलम असतो, आकडा का हलला ते लिहा म्हणून. नवीन जॉइन झालेल्या पोरांना वाटतं हा आधीपासूनच होता, पण तसं नाही.

1969 नंतर कोकणात खाडीच्या अल्याड-पल्याड शाखा उघडल्या तेव्हा महिन्याचा रिपोर्ट म्हणजे पोस्टाने जाणारं स्टेटमेंट. ठेवी इतक्या, कर्ज इतकं, थकबाकी इतकी, खाली मॅनेजरची सही. आकडे मुळात शाखेतच असायचे, लेजर बॅलन्स करून काढलेले, आणि ते वेळेत वर पोचले हेच पुष्कळ होतं. कारण वगैरे कोणी विचारत नसे. विचारलंच तर मीटिंगमध्ये, तोंडी, आणि उत्तर ठरलेलं, 'प्रयत्न चालू आहेत'. त्या काळाबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

खरा बदल सीबीएस, म्हणजे कोअर बँकिंग सिस्टिम, आल्यावर झाला, म्हणजे 2000 नंतरच्या दशकात. सगळी खाती एका सर्व्हरवर गेली आणि वरच्या ऑफिसला शाखेचा आकडा शाखेच्या आधी दिसायला लागला. मग शाखेने तोच आकडा टाइप करून पाठवायचा कशाला? तरी बरीच वर्षं पाठवत होतो, सवय म्हणून. हळूहळू वरच्यांच्या लक्षात आलं की सिस्टिम देत नाही ती एकच गोष्ट शाखेकडे आहे, ती म्हणजे कारण. तिथून कॉमेंट्री सुरू झाली. काही जण याचं श्रेय मॅनेजमेंटच्या दूरदृष्टीला देतात, मला ते पटत नाही, आकडे फुकट मिळायला लागले म्हणून कारणं मागितली गेली, इतकंच.

आता मुख्य भांडण. आकडा हलला म्हणायचा तो कशाच्या तुलनेत? मागचा महिना, गेल्या वर्षीचा हाच महिना, की 31 मार्च? जवळजवळ सगळीकडे ठरलं 'ओव्हर मार्च'. टार्गेट वर्षाचं, वर्ष मार्चला संपतं, म्हणून पाया मार्चचा. हिशेबाला सोपं पडतं, पण पाया म्हणून मार्चइतका फुगलेला दिवस वर्षात दुसरा नाही, आणि हे ठरवणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं, कारण मार्चएंडला फोन करून ठेवी आणायला लावणारे तेच.

एक उदाहरण मांडतो, आकडे समजुतीसाठी घेतलेत. रत्नागिरीकडची तालुक्याची शाखा. 31 मार्चला ठेवी 64 कोटी, 30 एप्रिलला 61.5 कोटी. जुन्या पद्धतीत लिहिलं जायचं 'ठेवींमध्ये 2.5 कोटींची घट, वाढीसाठी प्रयत्न चालू'. यात शून्य माहिती आहे.

खाती उघडून बघा. एका सरकारी खात्याचं 1.8 कोटींचं अनुदान 30 मार्चला आलं आणि 12 एप्रिलला पुढे वाटून गेलं. एका ठेकेदाराचं 90 लाखांचं बिल 31 मार्चला पास झालं, ते पहिल्याच आठवड्यात डांबर, खडी आणि मजुरीत संपलं. उरलेल्या सगळ्या खात्यांत मिळून 20 लाख वाढले, त्यात बराचसा आंब्याच्या सुरुवातीच्या पेट्यांचा पैसा. म्हणजे 2.7 कोटी गेले, 20 लाख आले, बेरीज जुळली. बेरीज जुळेपर्यंत कॉमेंट्री लिहायचीच नाही, ही पहिली पायरी. अर्धी घट समजावून बाकीचं 'सीझनल' म्हणून झाकणारे खूप बघितलेत.

मग प्रश्न येतो की शाखा खरंच घसरली का. यासाठी बरेच जण सरासरी शिल्लक बघा म्हणतात. बघू. मार्चची सरासरी 61.2 कोटी, एप्रिलची 61.9, म्हणजे चक्क वाढ! पण इथेही फसायला होतं. ते 1.8 कोटी मार्चमध्ये दोनच दिवस होते आणि एप्रिलमध्ये अकरा दिवस, म्हणजे मार्चच्या सरासरीत त्यांचा वाटा साधारण 12 लाख आणि एप्रिलच्या सरासरीत 66 लाख. दोन्हीकडून काढा, 61.1 आणि 61.2 उरतात. शाखा होती तिथेच आहे. एकाच महिन्याला 2.5 कोटींची घट, 70 लाखांची वाढ आणि काहीच नाही अशी तिन्ही उत्तरं निघाली, आणि 'ओव्हर मार्च'वाल्या फॉरमॅटमध्ये त्यातलं पहिलंच लाल रंगात दिसतं.

गेल्या वर्षीचा महिना घ्या म्हणणाऱ्यांचाही एक गट होता, अजून आहे. आंबा, पावसाळी मासेमारीबंदी, शाळांच्या फिया, सगळं सरळ सरळ जुळतं म्हणे. बहुतेक वेळा जुळतंही. पण नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीने बचत खाती एकदम फुगली, त्यामुळे नोव्हेंबर 2017 मध्ये शाखांची वाढ मेल्यासारखी दिसली, शाखेने काहीही केलेलं नसताना. आणि आपल्याकडे तर गणपती आहेत. 2023 ला चतुर्थी 19 सप्टेंबरला, 2024 ला 7 सप्टेंबरला, 2025 ला 27 ऑगस्टला. चाकरमानी गावी येतात, एटीएम रिकामी होतात, घरोघरी बचत खात्यातून पैसे निघतात. 2025 चा ऑगस्टएंड ऐन गणपतीत आला, 2024 चा गणपतीच्या आधी. या दोन ऑगस्टची तुलना करून कोणी 'बचत ठेवींत घसरण' लिहिलं तर ते पंचांग न बघता लिहिलेलं. अशा वेळी ऑगस्ट-सप्टेंबर एकत्र घेऊन बघायचं, मग जे उरतं ते खरं. आंबा उशिरा मोहरला की मे-जूनचं पण हेच होतं.

कर्जाच्या बाजूला आणखी गंमत. पीककर्जाचं 'नवं-जुनं' होतं, म्हणजे शेतकरी जुनं भरतो आणि थोड्याच दिवसांत नवं उचलतो. ते महिनाअखेरीच्या दोन बाजूंना पडलं की या महिन्यात कर्ज घटलं आणि पुढच्या महिन्यात वाढलं असं दिसतं, प्रत्यक्षात बागायतदार तोच, कलमं तीच. ओळखायचं कसं? बंद झालेल्या किंवा शून्यावर आलेल्या खात्यांची यादी पुढच्या महिन्याच्या वाटपाच्या यादीशी लावून बघायची. नावं जुळली तर वसुलीचं कौतुकही नको आणि वाटपाचंही नको.

एनपीएच्या, म्हणजे थकीत ठरलेल्या कर्जांच्या, कॉमेंट्रीचा इतिहास जरा वेगळा आहे. तिथे नियमच बदलत गेले. 31 मार्च 2004 पासून हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए असा निकष आला तेव्हा कर्जदार होते तसेच राहिले आणि खाती मात्र एनपीएत गेली. 2020 मध्ये मोरॅटोरियम होता, मार्च ते ऑगस्ट हप्ते थांबलेले, त्या महिन्यांत एनपीए हलला नाही याचं श्रेय काही रिपोर्टांनी वसुलीला दिलेलं मी स्वतः वाचलंय. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2021 च्या स्पष्टीकरणाने सांगितलं की खातं परत स्टँडर्ड करायचं तर पूर्ण थकबाकी भरायला हवी, नुसतं व्याज भरून चालणार नाही. त्यानंतर एनपीएतून बाहेर येणारी खाती कमी झाली तर ते कारण तसंच लिहायचं, 'नियमामुळे इतकं आणि कर्जदारामुळे इतकं' असे दोन आकडे वेगळे काढून.

मध्यंतरी कुठेतरी कारणांचा ड्रॉपडाउन आला. 'सीझनल', 'मार्केट कंडिशन', 'बल्क विड्रॉवल', 'इतर'. टाइप करायचा त्रास वाचला खरा, पण वरचं अनुदानाचं उदाहरण यातल्या 'बल्क विड्रॉवल'मध्ये जातं, आणि एखादा मोठा ठेवीदार नाराज होऊन शेजारच्या बँकेत गेला तर तोही तिथेच जातो. पहिल्याबद्दल काही करायचं नसतं, दुसऱ्याच्या घरी त्याच संध्याकाळी जायचं असतं. आता बऱ्याच ठिकाणी ड्रॉपडाउनखाली मोकळा बॉक्स दिलाय आणि तो बंधनकारक केलाय, पण तुलना अजून 'ओव्हर मार्च'च आहे, त्यामुळे दर मे महिन्यात निम्मा बॉक्स मार्चची हवा कशी गेली हे सांगण्यातच भरतो.