उतरलेल्या तापाचा अर्थ कसा बदलत गेला

हिवताप आणि डेंग्यू हे दोन्ही डासांमुळे पसरणारे आजार. पण त्यांतला ताप उतरतो तेव्हा रुग्णाची अवस्था मात्र सारखी नसते. हा फरक ध्यानात यायला बराच काळ जावा लागला, आणि घरी शुश्रूषा करणाऱ्यांची सर्वांत महागात पडणारी चूक आजही इथेच होते.

ताप मोजायची जुनी रीत हिवतापाने घालून दिली. आयुर्वेदातल्या विषमज्वरात, म्हणजे उतरून पुन्हा उलटणाऱ्या तापात, तृतीयक आणि चातुर्थक असे प्रकार आहेत. एक दिवसाआड येणारा तो तृतीयक, दोन दिवस सोडून येणारा तो चातुर्थक. पहिला दिवसही मोजणीत धरल्याने आकडा एकाने वाढतो. रोमन वैद्यांची मोजणीही नेमकी अशीच होती. या पाळीचे कारण 1880 नंतरच्या काही वर्षांत कळले. लाव्हराँ यांना 1880 मध्ये अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. पुढे इटलीत गोल्जी यांनी दाखवले की परजीवी तांबड्या पेशींत वाढतात, एकाच सुमारास पेशी फोडून बाहेर पडतात आणि त्याच वेळी थंडी वाजून ताप भरतो. हे चक्र 48 किंवा 72 तासांचे. 1897 मध्ये सिकंदराबादला रॉस यांना डासाच्या पोटात परजीवीची वाढ सापडली आणि प्रसाराचा दुवा जुळला.

थंडी, मग ताप, मग दरदरून घाम, आणि घाम आला की रुग्ण शांत झोपतो. ‘घाम सुटला, आता उतार पडला’ ही समजूत या क्रमातूनच पक्की झाली. हिवतापातही ती अर्धीच खरी आहे. सुरुवातीच्या दिवसांत परजीवींच्या पिढ्या मागेपुढे असतात, त्यामुळे ताप रोजही येतो. फाल्सिपेरम या घातक प्रकारात तर पाळी बहुधा धड बसतच नाही. म्हणून पाळीची वाट पाहत बसू नये. ताप आल्या दिवशीच रक्ततपासणी करावी. झटके, ग्लानी, आधाराशिवाय बसता न येणे, जोराचा श्वास, काळपट लघवी यांपैकी काहीही दिसले तर ताप किती आहे हे न पाहता रुग्णालय गाठावे. फाल्सिपेरममध्ये साध्या तापापासून गंभीर अवस्थेपर्यंतचा प्रवास एखाद्या दिवसातही होतो.

डेंग्यूची कथा वेगळी. ‘हाडमोड्या ताप’ म्हणून तो जुना ओळखीचा, त्रासदायक पण सहसा जीवघेणा न मानला जाणारा. 1953-54 च्या सुमारास मनिलात आणि 1958 मध्ये बँकॉकमध्ये लहान मुले वेगळ्याच रीतीने दगावू लागली. ताप उतरायचा, घरचे निर्धास्त व्हायचे, आणि त्याच दिवशी मुलाचे हातपाय गार पडायचे. सुरुवातीला सगळे लक्ष रक्तस्रावाकडे गेले, आजाराचे नावही त्यावरूनच पडले. बँकॉकच्या बालरुग्णालयात सुचित्रा निम्मनित्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असंख्य मुलांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसले ते असे की, मुलांना धोक्यात आणणारी मुख्य गोष्ट बाहेर दिसणारे रक्त नव्हे, तर रक्तवाहिन्यांतून आतल्या आत झिरपणारा रक्तद्रव आहे. द्रव छातीत आणि पोटात साचतो, वाहिन्यांत उरलेले रक्त घट्ट होते आणि नाडी बारीक होते. ही गळती साधारण ताप उतरण्याच्या सुमारास, तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान सुरू होते आणि 24 ते 48 तास टिकते. जागतिक आरोग्य संघटनेची 1975 ची मार्गदर्शक तत्त्वे याच अनुभवावर उभी राहिली. 2009 मध्ये धोक्याच्या लक्षणांची वेगळी पायरी त्यांत आली.

हे प्रत्यक्षात कसे दिसते, ते उदाहरणाने पाहू. 25 किलो वजनाचे, दहा वर्षांचे मूल आहे. ताप सोमवारी सुरू झाला, म्हणजे सोमवार हा पहिला दिवस. गुरुवारपर्यंत ताप 39 अंशांच्या वर. पॅरासिटामॉल किलोमागे 10 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 250 मिलिग्रॅम. दोन डोसांत निदान सहा तास आणि दिवसभरात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन द्यायचे नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढतो. या वजनाला दिवसाला सुमारे 1600 मिली द्रव लागतो, म्हणजे जागेपणी तासाला साधारण 100 मिली, घोटाघोटाने. त्यात ओआरएस, फळांचा रस, सूप असावे. नुसत्या पाण्याने रक्तातले सोडियम घटू शकते. लाल किंवा काळपट पेये टाळावीत, नाहीतर उलटीत रक्त आहे की रस हे कळत नाही.

शुक्रवारी, म्हणजे पाचव्या दिवशी सकाळी ताप 37.2. रक्तदाब 100/65. दुपारी मुलाला तीन उलट्या होतात, पोट दुखते, ते चिडचिड करते, सकाळपासून लघवी झालेली नाही. रक्तदाब 98/80. वरचा आकडा पाहून ‘प्रेशर चांगले आहे’ असे वाटते, आणि फसगत होते ती इथेच. दोन आकड्यांतले अंतर 35 वरून 18 वर आले आहे; 20 किंवा त्याहून कमी अंतर म्हणजे शॉक, अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याची अवस्था. शरीर वाहिन्या आवळून वरचा आकडा टिकवून धरते आणि शेवटी तो एकदम कोसळतो. रक्तदाबाचे यंत्र नसेल तर नख दाबून सोडावे. गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल आणि तळहात गार, ओलसर असतील, तर तीच खूण. या मुलाला शिरेतून सलाइन हवे, तेही ताबडतोब.

अशा वेळी घरच्यांचे लक्ष बहुधा प्लेटलेट्सच्या आकड्यावर खिळलेले असते. तो खाली येणे ही सूचना आहे खरी, पण गळती कळते ती हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, वाढल्याने. रक्तस्राव नसताना नुसता आकडा वाढवायला प्लेटलेट्स चढवून फायदा होत नाही, हे चाचण्यांत दिसून आले आहे.

मच्छरदाणीचीही अशीच गल्लत होते. हिवतापाचा ॲनाफिलिस मुख्यतः रात्री चावतो, म्हणून रात्रीच मच्छरदाणी लावायची सवय पडलेली. डेंग्यूचा एडिस चावतो दिवसा, सकाळी आणि मावळतीआधी अधिक. तापाच्या पहिल्या पाचेक दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. तेव्हा चावलेला डास आठ-बारा दिवसांनी घरातल्या इतरांना आजार देऊ लागतो. म्हणून या रुग्णाला दुपारच्या झोपेतही मच्छरदाणी हवी.

गळती थांबली की झिरपलेला द्रव वाहिन्यांत परत येतो. भूक लागते, लघवी वाढते, अंगावरच्या लाल पुरळात पांढरे ठिपके उठतात आणि तळहात-तळपाय खाजतात. इथे सलाइन थांबवावे लागते. ते तसेच चालू राहिले तर द्रव फुप्फुसांत साचून दम लागतो, आणि तेव्हा आणखी सलाइन दिल्यास मूल पुन्हा धोक्यात जाते.