पहिल्या परिच्छेदातच मजकूर का मरतो?

खानदेशी भरतावर लेख लिहायचा आहे. ‘जळगावचे भरीत प्रसिद्ध आहे,’ असे पहिले वाक्य होते. लगेच मनातला परीक्षक म्हणतो, हे कोणाला माहीत नाही? वाक्य खोडले जाते. पुन्हा लिहिले जाते, पुन्हा खोडले जाते. तासाभराने कागदावर तीन ओळीही उरत नाहीत.

याचे कारण आळसात नसून कामाच्या क्रमात आहे. डोक्यातली कार्यकारी स्मृती एका वेळी साधारण चारच गोष्टी धरू शकते. पुढचा मुद्दा, त्यासाठी शब्द आणि वाक्याची जुळणी एवढ्यानेच ती भरते. त्यात तपासणी घुसली की पुढचा मुद्दा बाहेर पडतो. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्याला तर ‘हे प्रमाण मराठीत कसे म्हणू?’ हा जादा भारही सोसावा लागतो.

लेखनाचे अमेरिकी अभ्यासक माइक रोझ यांनी 1980 मध्ये लिहिताना अडणाऱ्या 5 आणि न अडणाऱ्या 5 विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली. अडणारे कौशल्यात कमी नव्हते, पण ‘सुरुवात वाचकाला खिळवणारी हवीच’ अशासारखे नियम ते अगदी काटेकोर पाळत होते.

म्हणून सुरुवात सोडा आणि मधून शिरा. भरताच्या लेखात सगळ्यात सोपा भाग कृतीचा: वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजणे, साल काढणे, बडगी या लाकडी भांड्यात ठेचणे. आधी हे तीन शब्दगट चिठ्ठीवर लिहा, म्हणजे मुद्दे स्मृतीत धरावे लागत नाहीत. मग 10 मिनिटांचा गजर लावा आणि तोंडी सांगाल तसे लिहा, बोलीतले शब्द आले तरी येऊ द्या. एखादी गोष्ट, समजा जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन कधी मिळाले हे, आठवली नाही तर थांबू नका, ‘[मानांकनाचे वर्ष?]’ असे लिहून पुढे जा. शोधायला गेलात की परीक्षक परत येतो. (ते वर्ष 2016, पण ते नंतर भरायचे.)

तरीही हात खोडायला जात असेल, तर लिहिलेले दिसूच देऊ नका. लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक शेरिडन ब्लाऊ यांनी 1983 मध्ये याच प्रयोगावर लिहिले: शाई संपलेले बॉलपेन, खाली कार्बन आणि त्याखाली कोरा कागद. लिहिणारे गोंधळतील असे वाटले होते, पण त्यांचे लक्ष उलट विचारावर टिकले. मोबाइलवर मात्र हे जमत नाही, कारण रोमन अक्षरांतून मराठी टंकताना सुचवलेला शब्द बघून निवडावा लागतो. कागद बरा. लांबलचक, गुंतलेल्या युक्तिवादालाही ही रीत चालत नाही, कारण मागचे वाक्य पाहावेच लागते.

तपासणी दुसऱ्या दिवशी, आणि तीही दोन फेऱ्यांत: आधी माहिती व क्रम, शुद्धलेखन शेवटी. सुरुवातीचे वाक्य तेव्हाच शोधा. बहुधा ते मजकुरातच दडलेले असते. इथे ‘काड्यांचा जाळ बसला की वांग्याची साल काळी पडून सुटते’ हे वाक्य वर उचलले, तर प्रसिद्धीबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही.