६५ वॉटचा चार्जर, तरी फोन १५ वरच

भाचा सुट्टीत आला, पण त्याचा २५ वॉटचा चार्जर हॉस्टेलवरच राहिला. मी माझा लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर दिला. एवढा मोठा चार्जर, फोन झटकन भरेल असं दोघांनाही वाटलं. पण पडद्यावर नेहमीचं ‘सुपर फास्ट चार्जिंग’ उमटेना, नुसतं ‘फास्ट चार्जिंग’ येत राहिलं. केबल बदलली, तरी तेच. मध्ये यूएसबी मीटर लावला तर आकडा दिसला ९ व्होल्ट, १.६ अँपिअर. म्हणजे जेमतेम १५ वॉट.

बिघाड कशातच नव्हता. चार्जर फोनमध्ये वीज कोंबत नाही. टाइप-सी केबल जोडली की आधी फक्त ५ व्होल्ट येतात आणि एका वेगळ्या बारीक तारेवरून दोघांची बोलणी होतात. चार्जर आपल्याकडे काय आहे ते सांगतो. माझ्या चार्जरकडे ५, ९, १५ आणि २० असे चारच ठरलेले व्होल्ट होते. फोन त्यातलं एक मागतो, चार्जर होकार देतो आणि मगच व्होल्टेज चढतं.

मग फोनने ९ व्होल्टवर जास्त अँपिअर का नाही घेतले? बॅटरी साधारण ४ व्होल्टची असते. ९ चे ४ करण्याचं काम फोनच्या पोटात होतं आणि तिथे उष्णता होते, म्हणून फोन हात आखडता घेतो. वेगाने भरताना तो दुसरी वाट धरतो: व्होल्टेज बरोबर निम्मं आणि करंट दुप्पट करणारं सर्किट. ते फार कमी तापतं, पण त्याला बॅटरीच्या दुपटीहून किंचित जास्त व्होल्टेज लागतं. बॅटरी ३.८ वर असेल तर साधारण ७.८, आणि ती भरत जाईल तसं थोडं थोडं वर. म्हणून फोन चार्जरला सारखं सांगत राहतो, ‘अजून जरासं वाढव.’ ०.०२ व्होल्टच्या पायऱ्यांनी असं ऐकणाऱ्या चार्जरच्या सोयीला पीपीएस म्हणतात. माझ्या चार्जरमध्ये ती नव्हती.

फोन ४५ वॉटचा असता तर केबलही आडवी आली असती. १० व्होल्टवर ४५ वॉट म्हणजे ४.५ अँपिअर. ३ च्या वर जायचं तर चार्जर केबलमधल्या चिपला तिची क्षमता विचारतो. साध्या केबलमध्ये चिपच नसते. उत्तर आलं नाही की चार्जर ३ अँपिअरच्या वर देऊच करत नाही. केबल जाड आहे की वेणीची, याने काही फरक पडत नाही.

चार्जरच्या पाठीवरच्या बारीक छपाईत पी-पी-एस ही अक्षरं आणि पुढे व्होल्टेजची एक सलग पट्टी, उदाहरणार्थ ३.३ ते ११, असेल तर तो हे काम करतो. भाच्याने तसा २५ वॉटचा चार्जर आणला. केबल जुनीच. या वेळी मीटरवर ८ व्होल्टच्या आसपासचा आकडा हळूहळू वर सरकताना दिसत होता.